पहिल्या दिवसाचे बाईंचे भाषण

पहिलीच्या वर्गाच्या दारात शाळेच्या पहिल्या दिवशी जी गर्दी जमते, तिच्यात मुलांपेक्षा मोठी माणसेच अधिक असतात. कोणाचा हात आईच्या पदराला घट्ट धरलेला, कोणी आजोबांच्या मागे दडलेले. आता वर्गशिक्षिकेने दोन शब्द बोलावेत, अशी सर्वांची अपेक्षा असते. पुष्कळदा बाई शाळेची परंपरा, शिस्त आणि गणवेश यांविषयी पंधरा मिनिटे बोलतात. ते भाषण मुलांना कळत नाही आणि पालकांच्या कानांत शिरत नाही. कारण मूल रडत असता त्याच्या आईचे लक्ष रडण्याकडे असते, गणवेशाच्या रंगाकडे नसते.

म्हणून अनुभवी शिक्षिका या भाषणाचे तीन तुकडे करतात. पहिला दाराशी, दुसरा वर्गात मुलांसाठी आणि तिसरा शाळा सुटताना पालकांसाठी. प्रत्येक तुकड्यात त्या घटकेला लागेल तेवढेच सांगावयाचे.

फोंडा तालुक्यातील एखाद्या गावची मराठी प्राथमिक शाळा डोळ्यांपुढे आणावी. पहिलीत अठरा मुले आली आहेत. घरी बहुतेक जण कोकणी बोलतात; शाळेची भाषा मराठी. बाई दाराशी उभ्या राहतात, प्रत्येक मुलाचे नाव विचारतात आणि पालकाला एकच प्रश्न करतात, "आज घरी न्यायला कोण येणार?" मिळालेले उत्तर त्या वहीत टिपून घेतात : याची आई, हिचे आजोबा, तिसऱ्याची थोरली बहीण. हा प्रश्न साधा दिसतो, परंतु पुढचे सारे भाषण त्याच्यावर उभे असते. शिवाय सुटण्याच्या वेळी मूल कोणाच्या हाती द्यावे, हेही त्याच वहीवरून ठरते.

मग पालक भिंतीशी उभे राहतात, मुले सतरंजीवर बसतात आणि बाई तीन मिनिटे मुलांशी बोलतात. त्या आपले नाव सांगतात. पाण्याचा माठ व शौचालयाचे दार बोटाने दाखवतात आणि म्हणतात, "तहान लागली तर ‘पाणी’ म्हणा, ‘उदक’ म्हणा, मला दोन्ही समजतं. शू लागली तर हात वर करायचा नि सरळ सांगायचं. कुणी हसणार नाही." घरचा शब्द बाईंच्या तोंडी ऐकताच अर्धे भय ओसरते. ज्या मुलाला ‘म्हाका उदक जाय’ हे वाक्य शाळेत चुकीचे ठरेल असे वाटते, ते तहानलेलेच बसून राहते.

यानंतर येतो भाषणाचा गाभा. मुलाच्या मनात प्रश्न एकच असतो : आई केव्हा येणार? या वयाच्या बहुतेक मुलांना घड्याळ वाचता येत नाही. ‘साडेबाराला’ किंवा ‘थोड्या वेळाने’ या शब्दांनी त्यांचे समाधान होत नाही. त्यांना वेळ कळते ती एकामागून एक घडणाऱ्या गोष्टींनी. म्हणून बाई फळ्यावर खडूने चार चित्रे काढतात : टाळ्या वाजवणारे हात, एक फूल, एक पाव आणि एक घंटा. त्या सांगतात, "आधी गाणं, मग चित्र काढायचं, मग खाऊ, मग गोष्ट. गोष्ट संपली की घंटा वाजेल, नि घंटा वाजली की तुमचं माणूस दाराशी असेल. तुझी आई, तुझे आजोबा, तुझी ताई." वहीतील नोंद येथे उपयोगी पडते. एकेक काम उरकले की त्याचे चित्र पुसावयाचे. घर जवळ येत आहे, हे मुलाला मग डोळ्यांनी दिसते.

आता निरोप. येथेच मोठी चूक घडते. मूल चित्रात रमले की पालक हळूच सटकतात. मान वळवून पाहावे तो आई नाही! ‘आवय खंय गेली?’ म्हणून ते आकांत करते आणि दुसऱ्या दिवशी क्षणभरही नजर हलवीत नाही. नजर हलली की माणूस नाहीसे होते, हे ते शिकलेले असते. म्हणून बाई पालकांना मुलांदेखत सांगतात, "आता प्रत्येकानं मुलाला सांगून जायचं. ‘मी जाते, घंटेला येते’ एवढंच म्हणा नि निघा. परत वळू नका, खिडकीशी थांबू नका." निरोपाच्या क्षणी रडे वाढेल, परंतु हातांना काम मिळाले की पुष्कळ मुले दहा-पंधरा मिनिटांत शांत होतात. ‘रडायचं नाही’ अशी आज्ञा बाई करीत नाहीत. "आईची आठवण येते ना? येणारच. तोवर हा खडू धर," असे म्हणतात.

रडणाऱ्याकडे सर्वांचे लक्ष जाते. बाईंची नजर मात्र गप्प बसलेल्या मुलाकडेही असावी लागते. दप्तर छातीशी धरून बसणे, खाऊला हात न लावणे, शू लागली तरी न सांगणे, ही त्याची खूण. त्याला बोलते करण्याची घाई न करता बाईंनी जवळ बसवून घ्यावे आणि खडू वाटण्यासारखे छोटे काम द्यावे. दोनतीन आठवड्यांनंतरही रोज सकाळी पोट दुखत असेल किंवा रडे थांबत नसेल, तर पालकांशी स्वतंत्र बोलावे आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा.

घंटा वाजते, वही पाहून मुले ज्याच्या त्याच्या हाती दिली जातात, आणि मग दहा मिनिटे पालकांचे भाषण होते. आता मूल कुशीत असल्याने पालकांना ऐकू येते. एखादा बाप प्रेमानेच म्हणतो, "बाई, ऐकलं नाही तर दोन लगावा, आमची ना नाही." बाईंनी हसून पण स्पष्ट सांगावे की तसे होणार नाही, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. आणि घरीही ‘थांब, बाईंना सांगते’ हा धाक घालू नये. ज्या माणसाचा धाक घातला, त्याच्याजवळ मूल दुसऱ्या दिवशी कसे बसेल? दुसरी एक आई विचारते, "घरी मराठीच बोलावं का?" बाई म्हणतात, "घरी जी भाषा बोलता तीच बोला. तिच्यात गोष्टी सांगा. मराठी ती इथं शिकेल." आणि शेवटी, "आज काय शिकवलं, असं विचारू नका. शेजारी कोण बसलं होतं, एवढं विचारा."

गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे, १९४५ साली, बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी कार्य आरंभिले. तेथे मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शिक्षिका मुलांच्या अंगणात गेल्या. अंगणवाडीची कल्पना त्यातूनच रुजली. पहिलीची शाळा अंगणात नेता येत नाही. घरचा एक शब्द आणि परत नेणाऱ्या माणसाचे नाव एवढे मात्र वर्गात आणता येते.

अर्थात दिलेला शब्द पाळला तरच हे सारे खरे. घंटा वाजली आणि आजोबा आले नाहीत, तर फळ्यावरील चारही चित्रे खोटी ठरतात. म्हणून पहिल्या दिवशी पालकांनी घंटेपूर्वी पाच मिनिटे दाराशी उभे असावे. बाईंचे भाषण पुरे होते ते तेव्हा.