ईदची नानखटाई विकताय? मग एका बॉक्सचा खरा खर्च असा काढा

रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात आपल्या मोहल्ल्यांमध्ये घरोघरी ऑर्डरी सुरू होतात. कुणी शीरखुर्म्याचा मसाला करून देते, कुणी समोशाच्या पट्ट्या, कुणी नानखटाई. आमच्या शेजारच्या एक आपा दरवर्षी नानखटाई करतात. पाव किलोचा बॉक्स 120 रुपयांना. माल सगळा खपतो, लोक तारीफ करतात, पण ईदनंतर हातात पैसा का राहत नाही, हे त्यांना कळत नव्हते. यंदा आम्ही वही आणि वजनकाटा घेऊन त्यांच्या ओट्याशेजारी बसलो. काय सापडले, ते इथे मांडतो. भाव आमच्या बाजारातले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

पहिले काम म्हणजे साहित्याची यादी. कारखान्यात हिला 'बिल ऑफ मटेरियल्स' म्हणतात. एका खेपेला काय काय लागते, किती ग्रॅम लागते आणि तेवढ्याचे पैसे किती, एवढेच लिहायचे. वाटी-चमच्याचे माप इथे चालत नाही, सगळे काट्यावर.

मैदा 800 ग्रॅम – 36 रुपये
बेसन 200 ग्रॅम – 22 रुपये
पिठीसाखर 600 ग्रॅम – 36 रुपये
साजूक तूप 600 ग्रॅम – 420 रुपये
वेलची 8 ग्रॅम – 24 रुपये
पिस्ता 40 ग्रॅम – 64 रुपये
बेकिंग पावडर, सोडा, मीठ – 5 रुपये

एकूण 607 रुपये, आणि कच्चे पीठ साधारण 2,250 ग्रॅम.

आपांच्या हिशेबात मात्र हाच आकडा 569 होता. फरक तुपाचा. तुपाचा डबा एक लिटरचा असतो आणि त्या त्याला एक किलो समजत होत्या. तूप पाण्यापेक्षा हलके, लिटरभर तूप सुमारे 910 ग्रॅमच भरते. 637 रुपयांचा डबा 1,000 ग्रॅमने भागला तर 600 ग्रॅमचे 382 रुपये होतात, 910 ने भागला तर 420. नानखटाईत दोन तृतीयांशापेक्षा जास्त पैसा तुपातच जातो, त्यामुळे बाकी सगळे बरोबर असून एवढी एक चूक जड पडते.

आता नुकसानीकडे येऊ. आपांचा हिसाब सरळ होता: 2,250 ग्रॅम पीठ, भागिले 250, म्हणजे 9 बॉक्स. पण बॉक्समध्ये कच्चे पीठ जात नाही, भाजलेली आणि शाबूत नानखटाई जाते. आम्ही प्रत्येक टप्प्यावर वजन केले. 24 ग्रॅमचे 92 गोळे झाले. उरलेले 40-42 ग्रॅम परातीला, हाताला आणि मुलांच्या बोटांना लागले. भाजताना मैदा-बेसनातला ओलावा उडतो, त्यामुळे 24 ग्रॅमचा गोळा भट्टीतून सरासरी 22.8 ग्रॅमचा होऊन निघाला. आणि चार नग गेले: दोन ट्रेच्या मागच्या कोपऱ्यात करपले, दोन गरम असतानाच उचलल्याने तुटले. (नानखटाई गार झाल्याशिवाय उचलायची नाही, हे आपांनाही माहीत आहे. घाई मगरिबची होती.) हाती राहिले 88 नग, म्हणजे 11 नगांचे 8 बॉक्स.

म्हणजे साहित्याचा खर्च 569 भागिले 9, अर्थात 63 रुपये नव्हे, तर 607 भागिले 8, अर्थात 76 रुपये. विक्रीचे पैसे आठच बॉक्सचे येणार आहेत, मग सगळ्या खर्चाने आठांवरच बसायला हवे. तुटलेले नग घरच्यांनी खाल्ले तरी त्यांचे तूप फुकट आलेले नाही. ही नुकसानी अंदाजाने धरू नका. तीन-चार खेपांचे वजन लिहून सरासरी काढा, प्रत्येक ओव्हनचा स्वभाव वेगळा असतो.

एक गोष्ट जपायची. 11 नग सरासरी 251 ग्रॅम भरतात, पण एखादा बॉक्स 246 भरू शकतो. बॉक्सवर निव्वळ वजन 250 लिहिले की प्रत्येक बॉक्स काट्यावर ठेवायचा आणि कमी भरला तर एखादा नग बदलून जड टाकायचा. कायदाही तेच सांगतो, आणि सूरह मुतफ्फिफीन मापात मारणाऱ्यांबद्दल काय म्हणते, ते आपल्या घरात वेगळे सांगायला नको.

पॅकिंगमध्ये आपा बॉक्सचे 9 रुपये धरत होत्या. बॉक्स 100 आणले होते, 900 रुपयांना, आणि आणायला 120 रुपये रिक्षा. पाच चेपलेले निघाले. 1,020 भागिले 95, म्हणजे एक बॉक्स पावणेअकरा रुपयांना पडला. स्टिकरची गोष्ट तर निराळीच. छापखानावाल्याने '200 घेतले तर 2 रुपयांना एक' सांगितले, म्हणून 200 घेतले, 400 रुपये. त्यावर 'ईद मुबारक' आणि हिजरी सन छापलेले. बॉक्स 95 च जाणार, बाकी 105 स्टिकर पुढच्या वर्षी कुणी लावणार नाही. तेव्हा 400 भागिले 95, स्टिकर सव्वाचार रुपयांचा झाला. सन छापला नसता तर उरलेले पुढे चालले असते. एक रुपया बटर पेपर धरून पॅकिंग झाले 16 रुपये.

एका खेपेला विजेचे साधारण 2 युनिट लागले, बॉक्समागे अडीच रुपये. राहिली मेहनत. पीठ मळण्यापासून स्टिकर लावेपर्यंत तीन तास गेले. तासाचे 60 रुपये धरले तरी 180, म्हणजे बॉक्समागे साडेबावीस. आपा म्हणाल्या, "सर, माझे काय धरायचे, मी तर घरीच असते." आम्ही विचारले, ऑर्डर वाढली आणि मदतीला एक मुलगी ठेवली तर तिला काय देणार? तेवढे तरी स्वतःचे धरा.

76, 16, अडीच आणि साडेबावीस मिळून 117 रुपये. 120 ला विकून उरले 3. त्यात शेजारीपाजारी हिस्सा म्हणून दोन-चार बॉक्स जातातच. ते जरूर द्या, पण ते नफ्यातून गेले असे वहीत लिहा.

त्यातच एका दुकानदाराने माल ठेवायची तयारी दाखवली, 20 टक्के कमिशनवर. आपांनी 117 वर 20 टक्के चढवून 140 रुपये भाव काढला. पण दुकानदार 20 टक्के 140 वर कापतो, म्हणजे 28, आणि हातात येतात 112. खर्चही निघत नाही. इथे 117 ला 0.8 ने भागायचे, तेव्हा 146 येतात, आणि ही फक्त बरोबरी झाली. शेवटी घरून 140 आणि दुकानात 165 असा भाव ठरला. दुकानातून कमिशन जाऊन 132 येतील, बॉक्समागे 15 रुपये उरतील.

भाव बदलले की पूर्ण यादी परत करायची गरज नाही, तुपावर नजर ठेवली की बहुतेक काम होते. मैदा किलोमागे 10 रुपयांनी महागला तर एका बॉक्सवर 1 रुपया चढतो. तुपाचा डबा 100 रुपयांनी वाढला, तर 8 रुपये.