पेशी कमी म्हणजे डेंग्यूच?

सप्टेंबर-ऑक्टोबरात तापाचा रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा त्याच्या हातात रक्ताचा रिपोर्ट असतो आणि तोंडी एकच वाक्य, ‘डॉक्टर, पेशी कमी झाल्यात.’ पेशी म्हणजे प्लेटलेट. डेंग्यूत त्या घटतात हे आता गावोगाव ठाऊक आहे. मलेरिया, लेप्टो आणि स्क्रब टायफसमध्येही त्या तशाच घटतात, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

एक नमुन्याची रुग्ण घेऊ. विदर्भातली, पंचेचाळिशीची शेतमजूर बाई. सोयाबीनची सोंगणी चाललेली, शिवाय धुऱ्यावरचं गवत कापून गुरांना घालणं रोजचंच. आज तापाचा सातवा दिवस. डोकं ठणकतंय, अंग मोडून आलंय, दोन दिवसांपासून कोरडा खोकला आहे. पेशी 80 हजार. डेंग्यूची एनएस-1 चाचणी सहाव्या दिवशी झाली, ती निगेटिव्ह. मलेरियाची किटही निगेटिव्ह. तीन दिवस सलाईन आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शनं घेऊनही ताप हटलेला नाही.

पहिला प्रश्न विचारायचा तो दिवसाचा: ताप नक्की कधी चढला? एनएस-1 चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत भरवशाची असते. त्यानंतर ती निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं म्हणता येत नाही. तेव्हा आयजीएम चाचणी करावी लागते. पण डेंग्यूचा ताप सहसा आठवड्याच्या आत उतरतो आणि खरा धोका उतरल्यावरच सुरू होतो. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गार पडलेले हातपाय, गुंगी ही त्याची लक्षणं. या बाईचा ताप सातव्या दिवशीही 103 आहे आणि यातलं काही नाही. डेंग्यूचं पारडं हलकं होतं.

मलेरियाची एक किट निगेटिव्ह आली तर रक्ताची काच 12 ते 24 तासांनी पुन्हा पाहायची, गरज पडल्यास तिसऱ्यांदाही. ‘एक दिवसाआड थंडी वाजून ताप’ हे पुस्तकी चित्र फॅल्सिपेरममध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणून ‘गडचिरोलीकडे किंवा जंगलात जाणं झालं का?’ हा प्रश्न थंडीइतकाच महत्त्वाचा.

लेप्टोची खूण पाण्यात आणि पोटरीत सापडते. उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यात किंवा चिखलात उघड्या जखमेने वावरल्यावर, साधारण आठवडा-दोन आठवड्यांत ताप येतो. पोटरी दाबली की रुग्ण कळवळतो, डोळे लाल होतात पण चिपडं नसतात. लघवी कमी होणं आणि कावीळ दिसणं म्हणजे तातडीने मोठं रुग्णालय. या बाईची पोटरी दुखत नाही, लघवी नीट होते.

उरतो स्क्रब टायफस. 2018 मध्ये नागपूर आणि विदर्भात त्याची साथ आली, तेव्हा हे नाव अनेकांनी प्रथमच ऐकलं. गवतात राहणाऱ्या चिगर माइट या अतिसूक्ष्म किड्याची अळी चावल्यावर हा होतो. चावा जाणवत नाही. तिथे पुढे सिगारेटने डागल्यासारखी काळी खपली धरते, भोवती लालसर कडं. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. आणि असते कुठे, तर काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीखाली. साडी-पोलक्यावरून पोट चाचपून ती दिसणार नाही. पडदा ओढून, नर्सला सोबत घेऊन, ‘मावशी, अंगावर कुठे न दुखणारी जखम आहे का, जरा बघू द्या,’ असं म्हणायला दोन मिनिटं लागतात. मला वाटतं, या हंगामात त्या दोन मिनिटांहून मोलाची तपासणी नाही.

बाईच्या डाव्या स्तनाखाली खपली सापडली आणि त्याच बाजूच्या काखेत गाठ लागली. निदान जवळजवळ पक्कं झालं. रक्त आयजीएम चाचणीला गेलं, पण रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू झालं: 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन लेप्टोवर चालतं, स्क्रबच्या जंतूवर चालत नाही. डॉक्सिसायक्लिन दोन्हींवर चालतं. गर्भवतीला त्याऐवजी अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात.

खपली प्रत्येकाला असतेच असं नाही, आणि सावळ्या कातडीवर ती सहज नजरेतून सुटते. म्हणून गवतात काम, आठवड्याचा ताप आणि घटलेल्या पेशी एवढ्यावरही डॉक्टर हे औषध सुरू करतात. स्क्रब असेल तर बहुधा 48 तासांत ताप उतरतो. न उतरल्यास निदान चुकलं असं धरून रक्ताची काच पुन्हा पाहायची, टायफॉइडसाठी ब्लड कल्चर करायचं आणि खोकल्याबरोबर धाप लागत असेल तर बोटाला ऑक्सिमीटर लावून छातीचा एक्स-रे काढायचा. स्क्रबमध्ये उपचार लांबले की फुप्फुसांना सूज येते.