‘६ × ८ पिशवी, ८० रुपये’ म्हणजे नक्की काय?

मृगाचा पहिला पाऊस झाला की रोपवाटिकांचे फोटो घरोघरीच्या मोबाइलवर यायला लागतात. हिरव्यागार रोपांची रांग, पुढे लालभडक फूल आणि फोटोखाली दोन ओळी: ‘गावठी जास्वंद, ६ × ८ पिशवी, ८० रुपये. पावसाळ्यात लावायला उत्तम.’ पहिल्यांदाच झाड लावणारा माणूस एवढं वाचून रोप मागवतो. हातात पडतं तेव्हा त्याला ते फोटोपेक्षा लहान वाटतं, फुलाचा पत्ता नसतो आणि कोणत्या कुंडीत लावायचं हेही कळत नाही. रोपवाटिकेने यात काही खोटं लिहिलेलं नसतं. पण त्या ओळीतले आकडे या धंद्यातल्या माणसांना जसे कळतात, तसे गिऱ्हाइकाला कळत नाहीत.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो पिशवीच्या मापाने. रोपाची काळी पिशवी रिकामी असताना टेबलावर सपाट ठेवली, तर तिची रुंदी ६ इंच आणि लांबी ८ इंच भरते. ६ × ८ म्हणतात ते याला. माती भरल्यावर ती गोल होते आणि तिचा व्यास जेमतेम ४ इंच उरतो. सहा इंची सपाट पिशवीचा घेर बारा इंच, आणि बारा इंच घेराच्या वर्तुळाचा व्यास तेवढाच येतो. कुंडीचं माप मात्र वरच्या तोंडाच्या व्यासावरून सांगतात. त्यामुळे ‘सहाची पिशवी’ आणि ‘सहाची कुंडी’ यांत फार अंतर आहे. पिशवीच्या रुंदीचा साधारण दोन तृतीयांश घेतला की आतल्या मातीच्या गोळ्याचा खरा व्यास कळतो. एवढं ध्यानात ठेवलं तर कुंडी निवडणं सोपं होतं.

आता हीच जास्वंद घेऊ. गोळा ४ इंची आहे, तेव्हा ती ८ इंची कुंडीत लावावी. चारही बाजूंनी दोन-दोन इंच नवी माती मिळते आणि वर्षभर मुळांना ती पुरते. ‘पुढे झाड मोठं होणारच आहे’ म्हणून अनेक जण थेट १२ इंची कुंडी आणतात. उन्हाळ्यात ते कसंबसं निभावतं, पावसाळ्यात निभावत नाही.

त्यामागचं कारण साधं आहे. कुंडीचं तोंड थोडं रुंद झालं की खोलीही वाढते आणि माती कितीतरी पटींनी वाढते. ८ इंची कुंडीत साधारण चार-पाच लिटर माती मावते, तर १२ इंचीत पंधरा लिटरच्या घरात. रोपाचा गोळा असतो एक लिटरचा. त्याची मुळं आपल्या आसपासचं पाणी ओढतात. बाकीच्या मातीत मुळंच नसतात, त्यामुळे तिथलं पाणी ओढणारं कोणी नसतं. त्यात आषाढात ऊन नसतं, हवा दमट असते, पानांतूनही बाष्प कमी जातं. माती आठ-आठ दिवस ओलीच राहते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीतल्या हवेच्या जागा पाण्याने भरून राहिल्या की मुळं गुदमरतात आणि मग बुरशी त्यांना कुजवते.

भरतानाही हेच भान हवं. रोपवाटिकांत बरीच रोपं आंध्रातल्या राजमहेंद्रवरमजवळच्या कडियमहून ट्रकने येतात आणि त्यांचा गोळा अनेकदा घट्ट, चिकट मातीचा असतो. तो पूर्ण धुऊन किंवा फोडून टाकला तर बारीक मुळं तुटतात. पिशवी कापून काढावी, गोळ्याचा बाहेरचा थर बोटांनी हलका मोकळा करावा आणि रोप आधी होतं तेवढ्याच खोलीवर लावावं. पावसाळी मिश्रणाला दोन भाग माती, एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाडसर वाळू किंवा भाताचं तूस पुरतं. वर मूठभर निंबोळी पेंड. या दिवसांत कोकोपीट हात राखून घालावं, कारण पाणी धरून ठेवणं हाच त्याचा गुण आहे. कुंडीच्या काठाखाली एक इंच जागा रिकामी सोडावी.

प्लॅस्टिकच्या कुंडीबाबत एक गोष्ट जरूर तपासायला हवी. पुष्कळ कुंड्यांच्या तळाला भोकांच्या नुसत्या खुणा असतात, भोकं आपणच पाडायची असतात. कुंडीखालची थाळी पावसाळाभर काढून ठेवलेली बरी. तिच्यात पाणी साचतं, मुळांना ते बाधतं आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासांचीही सोय होते.

किमतीकडे आता वळता येईल. ८० रुपये ही किंमत पिशवीतल्या रोपाची असते, फोटोतल्या सुबक कुंडीची नसते. भाव गावागणिक बदलतात. उदाहरण म्हणून हिशेब मांडायचा तर रोप ८०, आठ इंची साधी प्लॅस्टिकची कुंडी ६० आणि तीन लिटर तयार मिश्रण ५० धरलं, तर १९० रुपये होतात. म्हणजे रोपाच्या दुपटीहून जास्त. नवशिक्याला हा आकडा आधी कळला तर तो एका वेळी पाच रोपं घेण्याऐवजी दोनच घेईल आणि ती नीट लावेल. याच रांगेत दुसरी जास्वंद तिप्पट भावाने का, हाही प्रश्न पडतो. ती बहुधा मोठ्या फुलांची संकरित असते. फूल देखणं असतं, पण तिची मुळं साचलेल्या पाण्याला फार नाजूक असतात. पहिल्या पावसाळ्यासाठी गावठी लाल जास्वंदच घ्यावी.

म्हणून फोटोखालची ओळ थोडी लांब असायला हवी. ‘गावठी लाल जास्वंद. छाटापासून केलेली. ६ × ८ पिशवी, गोळा ४ इंच, उंची सव्वा फूट, सध्या फूल नाही. ८० रुपये, कुंडी वेगळी. ८ इंची कुंडीत लावा. चार-पाच तास ऊन हवं. बोट दोन इंच खुपसा, माती कोरडी लागली तरच पाणी द्या.’ एवढं लिहायला मिनिटभर लागतं आणि गिऱ्हाइकाचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

बोटाची ती परीक्षा पावसातही सोडू नये. वरच्या मजल्याच्या गॅलरीचं छप्पर असलं तर बाहेर धो धो पाऊस पडत असतानाही कुंडी कोरडी राहू शकते. उघड्या गच्चीवर मात्र पंधरा-पंधरा दिवस झारी हातात घ्यावी लागत नाही. खताची घाईही नको. नवी पालवी दिसेपर्यंत तीन-चार आठवडे थांबावं.

एवढं करूनही खालची पानं पिवळी पडली तर आधी माती बघावी. माती कोरडी आणि पानं मलूल असतील तर तहान आहे, पाणी दिल्यावर संध्याकाळपर्यंत रोप सावरतं. माती ओली असून पानं मान टाकत असतील तर मुळं कुजू लागली आहेत, आणि अशा वेळी अजून पाणी घालणं हीच सर्वांत मोठी चूक होते. रोप गोळ्यासकट बाहेर काढून पाहावं. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी आणि बुळबुळीत, ओढलं की त्याची साल हातात येते आणि आतला दोरा उरतो. अशी मुळं स्वच्छ कात्रीने कापावीत, वरच्या फांद्याही तिसऱ्या हिश्शाने छाटाव्यात आणि रोप मावेल अशा लहान कुंडीत नव्या, मोकळ्या मातीत लावून पावसाआड, उजेडात ठेवावं. छाटलेल्या निरोगी फांद्यांचे वीतभर तुकडे ओलसर वाळूत खोचून ठेवावेत. जुनं रोप गेलंच तरी, दमट हवेत महिना-दीड महिन्यात त्यांतल्या एखाद्याला मुळं फुटतात.