बैठकीत न बोललेले मत

काही वर्षांपूर्वी वॉर्डातील शुश्रूषेचा दर्जा कोणत्या निकषांवर मोजायचा, हे ठरवण्यासाठी एक बैठक झाली होती. वरिष्ठ डॉक्टर आधी बोलले, मग मेट्रन. उरलेल्या दहा-बारा सिस्टरांनी माना डोलावल्या आणि ठराव एकमताने मंजूर झाला. बाहेर चहाच्या टपरीवर त्यातल्याच एक अनुभवी सिस्टर मला म्हणाल्या, "सर, यातले निम्मे रात्रपाळीत होणारच नाही." मी विचारले, आत का नाही बोललात? त्या नुसत्या हसल्या. गप्प बसणाऱ्यांत मीही होतोच.

या गप्प बसण्यावर उपाय म्हणून डेल्फी पद्धत वापरतात. तिचा जन्म मात्र रुग्णालयातला नाही. अमेरिकेच्या रँड कॉर्पोरेशनमध्ये १९५०च्या दशकात नॉर्मन डाल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी सात तज्ज्ञांना वेगवेगळे गाठून विचारले, की अमेरिकेचे शस्त्रोत्पादन ठरावीक प्रमाणात खाली आणायला शत्रूला किती अणुबाँब लागतील? पहिले अंदाज ५० ते ५,००० इतके विखुरलेले होते. प्रश्नावल्यांच्या अनेक फेऱ्यांनंतर ते १६७ ते ३६० पर्यंत जवळ आले. हे काम गुप्त होते, म्हणून ते छापून आले १९६३ मध्ये. ग्रीसमधील डेल्फीच्या भविष्यवाणीवरून नाव पडले, पण इथे दैवी काही नाही. नाव गुप्त ठेवायचे, इतरांची मते कळवायची आणि पुन्हा विचारायचे, एवढेच.

एक उदाहरण घेऊ. समजा, बेडसोर टाळण्याचे काम मोजणारे निकष ठरवायचे आहेत आणि त्यासाठी २० जणांचे पॅनेल आहे. त्यात वॉर्डातल्या सिस्टर, इनचार्ज, नर्सिंग कॉलेजच्या शिक्षिका आहेत. पहिल्या फेरीत मोकळा प्रश्न असतो: काय मोजावे? उत्तरांतून सारखी वाक्ये एकत्र करून यादी बनते. दुसऱ्या फेरीत प्रत्येक निकषाला १ ते ९ गुण द्यायचे. ७ ते ९ म्हणजे 'हवा'. किमान ७५ टक्के, म्हणजे २० पैकी १५ जणांनी 'हवा' म्हटले तर निकष मान्य.

हे ७५ कुठून आले? कोणत्याही शास्त्रीय नियमातून नाही. बहुतेक अभ्यास ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास रेघ मारतात. रेघ कुठे मारली यापेक्षा ती उत्तरे येण्याआधी मारली का, हे मी आधी पाहतो. निकाल पाहून ७५ चे ७० केले, तर हवा तो निकष आत घेता येतो.

आता 'दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद' या निकषाला २० पैकी १२ जणांनी 'हवा' म्हटले. ६० टक्के, म्हणजे नापास. तिसऱ्या फेरीत प्रत्येकीला तिचे स्वतःचे गुण, गटाचे गुण आणि इतरांचे शेरे निनावी मिळतात. त्यात एक शेरा असा असू शकतो: "रात्री पन्नास रुग्णांमागे दोघी असतो. चार्ट पहाटे एकदम भरला जाईल." चहाच्या टपरीवर ऐकलेले वाक्य इथे कागदावर येते. मग संयोजक निकष बदलतात: 'धोका असलेल्या रुग्णांपैकी किती जणांची त्वचा प्रत्येक पाळीत तपासली?' त्याला १७ जणांची संमती मिळाली, ८५ टक्के. मात्र शब्द बदलले की निकष नवा धरायचा, जुने गुण त्याला चिकटवायचे नाहीत.

खरी फसगत वेगळीच असते. समजा निकष बदललाच नाही, तोच तिसऱ्या फेरीत पाठवला आणि असहमत आठपैकी पाच जणींनी कंटाळून उत्तरच पाठवले नाही. आता १५ पैकी १२, म्हणजे ८० टक्के. निकष पास झाला, पण मत एकीचेही बदललेले नाही! म्हणून डेल्फीचा अहवाल हाती आला, की मी टक्क्यांच्या आधी प्रत्येक फेरीत किती जण उरले आणि गळालेल्यांचे आधीचे गुण काय होते, ते शोधतो. ते दिलेले नसेल तर ८० टक्के या आकड्यावर माझा फारसा विश्वास बसत नाही.

दुसरी गोष्ट पॅनेलची. वीसही जणी शिक्षिका असतील, तर निकष पुस्तकी होतील आणि सहमती भरघोस दिसेल. शिवाय रुग्णाच्या नातेवाइकाला कोणी विचारतच नाही. आपल्याकडे निम्मी कूस तर तोच बदलतो.

आणि १७ जणांचे एकमत झाले म्हणून त्वचा तपासल्याने बेडसोर कमी होतात, हे सिद्ध होत नाही. एवढेच कळते, की जाणकारांना हे मोजण्यासारखे वाटते. पुढे एक-दोन वॉर्डांत महिनाभर नोंदी घ्याव्या लागतात. दोन सिस्टरांनी एकाच रुग्णाची त्वचा वेगवेगळी पाहिली तर नोंद एकसारखी येते का, आणि ती करायला पाळीतली किती मिनिटे जातात, हे तिथेच कळते.