चाळीस शाखांचं एक पान

बँकेच्या क्षेत्रीय व्यवस्थापकाकडे दर तिमाहीला शाखांची स्कोअरकार्डं येतात. आकड्यांच्या रकान्याखाली शाखा व्यवस्थापकाचं दीड-दोन पानांचं निवेदन असतं. चाळीस शाखा म्हटल्या तर साठ-सत्तर पानं होतात. ती वाचून साहेबांसाठी एक पान काढणं हे क्षेत्रीय कार्यालयातल्या एखाद्या अधिकाऱ्याचं काम. ते बहुतेक वेळा चुकतं, कारण सगळ्यात लाल रकान्याची शाखा आपोआप सगळ्यात वर जाऊन बसते.

एक उदाहरण घेऊ. सप्टेंबरअखेर पहिल्या शाखेने ठेवींचं उद्दिष्ट जेमतेम साठ टक्के गाठलंय, कारण एका सरकारी खात्याचे पैसे निघून गेले. दुसरीचे सगळे रकाने हिरवे आहेत, पण निवेदनाच्या शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य आहे: ‘एका कापड व्यापाऱ्याचं स्टॉक स्टेटमेंट येणं बाकी.’ तिसरी शाखा लिहिते की सहायक व्यवस्थापक रजेवर असल्याने रोकड एकाच अधिकाऱ्याने सांभाळली.

माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा. तिजोरीच्या दोन चाव्या दोन वेगळ्या माणसांकडे असायलाच हव्यात. ही चूक गुणांत मोजायची नसते, तिच्यावर त्याच दिवशी फोन करायचा असतो. त्यानंतर कापड व्यापारी. त्याचं शेवटचं स्टेटमेंट ३० एप्रिलचं असेल, तर जुलैअखेर ते तीन महिन्यांहून जुनं झालं. जुन्या स्टेटमेंटच्या आधारे होणारी उचल रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अनियमित ठरते आणि ती सलग ९० दिवस चालू राहिली तर हप्ता-व्याज वेळेवर येत असलं तरी खातं अनुत्पादक होतं. म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी. हातात महिनाभरच आहे. ठेवींची तूट मोठी दिसते खरी, पण तिचं कारण कळलेलं आहे आणि साहेबांनी या आठवड्यात काही केलं नाही म्हणून ती वाढणार नाही.

पाठपुराव्याच्या रकान्यात ‘लक्ष द्यावे’ असं लिहिण्याला काही अर्थ नाही. तिथे असं हवं: ‘शाखा व्यवस्थापकाने १० ऑक्टोबरपर्यंत सप्टेंबरचं स्टेटमेंट घ्यावं, गोदामाची तपासणी करावी आणि त्या मालावर किती उचल बसते ते कळवावं.’ शेजारी निवेदनातलं मूळ वाक्य जसंच्या तसं द्यावं. ‘येणं बाकी’चं संक्षेपात ‘प्रक्रिया सुरू’ झालं, की इशाराच पुसला जातो.

निवेदनात जे लिहिलेलंच नाही, ते मात्र या पानावर कधीच येत नाही. म्हणून थकबाकी आणि स्टेटमेंटच्या तारखा संगणकातून वेगळ्या काढून निवेदनाशी ताडून पाहाव्या लागतात. मागच्या तिमाहीचा परिच्छेद शब्दशः पुन्हा आला असेल, तर ती शाखा आकडे चांगले असले तरी यादीत घ्यावी आणि तिथे कुणीतरी प्रत्यक्ष जावं.