रोज वर-खाली होणारा समुद्राचा ‘तळ’

१९४२ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन दिएगोजवळ पाणबुड्या शोधण्यासाठी ध्वनिलहरींचे प्रयोग चालू होते. समुद्र खूप खोल होता, तरी तळाच्या कितीतरी वरूनच प्रतिध्वनी येऊ लागला. १९४५ मध्ये सागरी जीवशास्त्रज्ञ मार्टिन जॉन्सन यांनी दाखवून दिलं, की हा थर संध्याकाळी वर चढतो आणि पहाटे खाली उतरतो. म्हणजेच तो सजीवांचा होता.

अशा थरांत प्राणिप्लवक असतात आणि त्यांना खाणारे छोटे मासेही. प्राणिप्लवकांतला कोपेपॉड हा जेमतेम काही मिलिमीटरचा कवचधारी जीव. त्याचं अन्न म्हणजे सूक्ष्म वनस्पती, आणि त्या वाढतात वरच्या उजेडी पाण्यात. पण दिवसा तिथे मासे त्याला अचूक हेरतात. म्हणून तो अंधार पडल्यावर चरायला वर येतो आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा खोल जातो. काही जाती तर शेकडो मीटर. वेळ ठरवतो तो मुख्यतः प्रकाश. पौर्णिमेच्या रात्री अनेक जाती फार वर येतच नाहीत.

जवळजवळ सर्व महासागरांत असंख्य जीव रोज ही ये-जा करतात. त्यांचं एकत्रित वजन पाहिलं, तर प्राण्यांचं एवढं मोठं स्थलांतर पृथ्वीवर दुसरं नाही. वर खाल्लेल्या अन्नातला काही कार्बन ते खोल पाण्यात श्वासावाटे आणि विष्ठेवाटे सोडतात. तिथे तो बराच काळ वातावरणापासून दूर राहतो.