सपाट चित्र शिळं कधी वाटतं?

२०१७ साली बक या स्टुडिओने फेसबुकसाठी ‘अलेग्रिया’ ही चित्रशैली घडवली. लांबलचक हातपाय, इवलंसं डोकं, निळी-जांभळी कातडी. पुढे ॲपवाल्यांपासून विमा कंपन्यांपर्यंत अनेकांनी तिच्या नकला केल्या. म्हणून आज मासिकात लेखाशेजारी तशी माणसं दिसली की ते चित्र जाहिरातच वाटतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘न्यूयॉर्कर’वर मलिका फाव्र यांचं मुखपृष्ठ आलं. तेही सपाटच. पण त्यात चार शल्यविशारद खाली वाकून बघताहेत आणि आपण थेट टेबलावरचे रुग्ण होतो. हे चित्र मला आजही ताजं वाटतं, कारण कल्पना शस्त्रक्रियेच्या विषयातूनच निघालेली आहे.

पारख करायची तर मथळा झाकून चित्र दुसऱ्या लेखाला लावून बघावं. घरभाड्यावरच्या लेखात लॅपटॉप घेतलेला माणूस आणि मागे मोठाली पानं असतील, तर तेच चित्र आरोग्यविम्यालाही खपून जातं. सध्या संपादकीय चित्रांत खरखरीत पोत आणि हाताची रेघ पुष्कळ दिसते. पण त्या लॅपटॉपवाल्यावर पोत चढवला तरी तो आरोग्यविम्यालाही तितकाच चालतो. शिळेपणा कल्पनेतच असतो.